यंत्राचे व्याकरण (लेखांक 7) : आधी तोडा, मग गाळा

संदर्भमुक्त व्याकरणाचा नियम दिसतो कसा, हे मागच्या लेखांकात पाहिले. डावीकडे एकच व्हेरिएबल आणि उजवीकडे व्हेरिएबल व टर्मिनल यांची कसलीही, कितीही लांब रांग. उजवी बाजू अगदी रिकामी असली तरी चालते. व्याकरण लिहिणाऱ्याला ही मोकळीक सोयीची असते, पण त्यावर काही सिद्ध करायला किंवा प्रोग्रॅम लिहायला बसले की ती अडचणीची ठरते. नोम चोम्स्की यांनी 1959 साली दाखवून दिले की ही मोकळीक काढून घेतली तरी भाषा हातची जात नाही. उजवीकडे एक तर नेमकी दोन व्हेरिएबल असावीत, नाही तर एकच टर्मिनल असावे, एवढ्या दोनच साच्यांत कोणतेही संदर्भमुक्त व्याकरण बसवता येते. या रूपाला चोम्स्की नॉर्मल फॉर्म म्हणतात. ते मिळवण्याच्या पायऱ्या बहुतेक पाठ्यपुस्तकांत असतात आणि परीक्षेत हमखास विचारल्याही जातात. सुटी पाहिली तर त्यांतली एकही पायरी अवघड नाही. खरी मेख त्यांच्या क्रमात आहे. क्रम चुकला तर कधी झालेले काम पुन्हा करावे लागते, आणि कधी उत्तर बरोबर येऊनही वापरता येणार नाही इतके फुगते.

एक छोटे व्याकरण घेऊ. यात S हे सुरुवातीचे व्हेरिएबल आहे आणि ε म्हणजे रिकामा शब्द, ज्यात एकही अक्षर नाही.

```
S → a S B | A
A → B | ε
B → b
```

ही भाषा नजरेनेच ओळखता येते. आधी काही a, मग तितकेच b, आणि हवा असल्यास आणखी एक b. म्हणजे ab, abb, aabb, नुसता b आणि रिकामा शब्दही भाषेत आहे, पण aab नाही. या तीन ओळींत चार दोष आहेत. `a S B` ही रांग तीन चिन्हांची आहे. तिच्यात टर्मिनल आणि व्हेरिएबल शेजारी-शेजारी बसले आहेत. `A → ε` हा एप्सिलॉन नियम आहे. आणि `S → A`, `A → B` हे युनिट नियम, म्हणजे एका व्हेरिएबलऐवजी फक्त दुसरे ठेवणारे. यांतला कोणता दोष आधी काढायचा, हे आपण काही दामटून ठरवू शकत नाही. एक दोष काढताना दुसरा जन्माला येतो का, ते तपासत जायचे. कसोटी एकच : पुढच्या पायरीने मागच्या पायरीचे काम मोडता कामा नये.

पहिली पायरी, नवे सुरुवातीचे व्हेरिएबल S0 आणून `S0 → S` हा नियम जोडायचा. वरवर हा खटाटोप निरर्थक वाटतो, पण रिकाम्या शब्दाची सोय इथेच होते. आपल्या भाषेत रिकामा शब्द आहे, म्हणून एप्सिलॉन सरसकट हाकलून चालणार नाही. तो S कडेच राहू दिला, तर S उजव्या बाजूलाही येत असल्यामुळे एप्सिलॉन तिथून पुन्हा व्याकरणाच्या पोटात शिरतो. S0 मात्र कोणत्याच नियमाच्या उजवीकडे नसते, त्यामुळे `S0 → ε` हा एकमेव अपवाद ठेवला तरी त्याचा त्रास दुसऱ्या कुणाला होत नाही. दुसऱ्या पायरीत रांगेत मिसळलेल्या टर्मिनलला स्वतःचे व्हेरिएबल द्यायचे. `X → a` असा नियम करून `a S B` चे `X S B` होते. तिसऱ्या पायरीत लांब रांग तोडायची. `S → X Y` आणि `Y → S B` असे दोन नियम केले की तीनची रांग उरत नाही.

चौथी पायरी एप्सिलॉन गाळण्याची. इथे आधी रिकामी होऊ शकणारी सगळी व्हेरिएबल शोधावी लागतात, आणि नेमके तिथेच घाईत चुकते. A रिकामे होते हे डोळ्यांना दिसते. पण `S → A` मुळे S ही रिकामे होते, आणि त्यामुळे S0 सुद्धा. म्हणून यादीत नवी भर पडेनाशी होईपर्यंत नियमांवरून पुन्हा पुन्हा फिरायचे. Y मात्र रिकामे होत नाही, कारण त्याच्या नियमातले B कधीच रिकामे होत नाही. मग ज्या नियमाच्या उजवीकडे यादीतले व्हेरिएबल आहे, त्याची ते वगळून आणखी एक प्रत करायची. S रिकामे होऊ शकते, म्हणून `Y → S B` च्या जोडीला `Y → B` येतो. `S0 → ε` सोडून बाकी एप्सिलॉन नियम काढून टाकायचे.

```
S0 → S | ε
S → X Y | A
A → B
Y → S B | B
X → a
B → b
```

`Y → B` हा युनिट नियम मूळ व्याकरणात नव्हता. तो एप्सिलॉन गाळताना तयार झाला. म्हणूनच युनिट नियमांची पायरी याच्या आधी घेता येत नाही. समजा ती आधी घेतली असती, तर `S0 → S`, `S → A` आणि `A → B` हे तिन्ही नियम निकालात निघाले असते. पण नंतर एप्सिलॉन काढताना `Y → B` उगवलाच असता आणि युनिटची पायरी दुसऱ्यांदा करावी लागली असती. उलट बाजूने मात्र धोका नाही. युनिट नियम काढणे म्हणजे साखळीच्या टोकाला जे खरे नियम आहेत, त्यांच्या उजव्या बाजू साखळीतल्या प्रत्येकाला देणे. तिथे एप्सिलॉन उरलेला नाही आणि लांब रांगही नाही, तर नक्कल करून नवे काही वाईट येणार कुठून?

पाचव्या पायरीत ही साखळी सोडवू. A कडून B कडे आणि B कडून b कडे जाता येते, म्हणून `A → b`. S ला A मार्फत b मिळतो, S0 ला S चे सगळे मिळते, Y ला B चा b मिळतो. शेवटी A कोणाच्याही उजवीकडे उरत नाही, तेव्हा तो काढून टाकता येतो.

```
S0 → X Y | b | ε
S → X Y | b
Y → S B | b
X → a
B → b
```

पडताळा घ्यायला aabb पुरेसा आहे. S0 पासून `XY`, `aY`, `aSB`, `aXYB`, `aaYB`, `aabB`, `aabb`, अशा सात पायऱ्या होतात. हा आकडा योगायोगाचा नाही. या रूपात n अक्षरांच्या शब्दाला नेहमी 2n − 1 पायऱ्याच लागतात, कारण n − 1 वेळा एकाचे दोन होतात आणि n वेळा व्हेरिएबलचे अक्षर होते. आता aab करून पाहा. X ने पहिला a दिल्यावर Y ने ab द्यायला हवे. त्यासाठी S ने एकटा a द्यावा लागेल, आणि तसा नियमच नाही. स्वतः रूपांतर केल्यावर दोन-चार छोटे शब्द असे दोन्ही व्याकरणांत तपासावेत. भाषेतला एखादा शब्द निसटला असेल तर पहिला संशय रिकाम्या होणाऱ्या व्हेरिएबलांच्या यादीवर घ्यावा.

आता खऱ्या वादाच्या मुद्द्याकडे येऊ. अनेक पुस्तकांत लांब रांगा तोडण्याचे काम शेवटी येते. आधी एप्सिलॉन, मग युनिट, मग तोडणे. वाचक विचारेल की तसे केले तरी उत्तर बरोबरच येते ना? येते. भाषा बदलत नाही, रूपही नियमानुसार असते. आपल्या उदाहरणात आकारातही मोठा फरक पडला नसता, कारण रांग तीनचीच होती आणि तिच्यात रिकामे होणारे व्हेरिएबल एकच होते. पण `S → A1 A2 … A10` असा नियम घ्या, ज्यात प्रत्येक व्हेरिएबल एक तर स्वतःचे एक अक्षर देते किंवा रिकामे होते. एप्सिलॉन आधी गाळायचा तर दहांपैकी कोणती व्हेरिएबल ठेवायची आणि कोणती वगळायची याच्या सर्व शक्यता लिहाव्या लागतात. सगळीच वगळण्याची एक शक्यता सोडली तरी 1023 नियम होतात, आणि त्यांतले बहुतेक अजून तोडायचे बाकी असतात. व्हेरिएबल वीस असतील तर हाच आकडा 10,48,575 होतो.

हाच नियम आधी तोडला, तर दहाच्या रांगेचे दोन-दोनचे नऊ नियम होतात. दोनच्या नियमातून एप्सिलॉन गाळताना जास्तीत जास्त तीन पर्याय संभवतात : दोन्ही ठेवा, पहिले ठेवा, दुसरे ठेवा. म्हणजे 27 नियम. त्यांतले युनिट नियम सोडवताना थोडी वाढ होते, कारण साखळीतल्या प्रत्येकाला त्याच्या पुढच्या सर्वांचे नियम मिळतात. दोन व्हेरिएबलांचे 45, त्या साखळीतले एका अक्षराचे 54 आणि मूळ दहा व्हेरिएबलांचे 10 मिळून, `S → ε` वगळता, 109 नियमांवर काम संपते. दहाचे वीस केले तर ही संख्या साधारण चौपट होते, पहिल्या पद्धतीत मात्र ती हजारपट होते. मार्टिन लांगे आणि हान्स लाइस यांनी 2009 सालच्या त्यांच्या लेखात पाठ्यपुस्तकांतल्या याच क्रमावर बोट ठेवले होते. हा फरक कागदापुरता नाही. या रूपावर चालणाऱ्या सीवायके पद्धतीचा वेळ शब्दाच्या लांबीच्या घनाला व्याकरणाच्या आकाराने गुणून येतो. व्याकरण हजारपट फुगले तर प्रत्येक वाक्य तपासतानाही तो भुर्दंड बसतो.

यावर एक नेमका आक्षेप उरतो. युनिट नियम काढताना वर्गाच्या प्रमाणात वाढ होतेच, तर त्या पायऱ्या घ्यायच्याच कशाला? लांगे आणि लाइस यांचे म्हणणे तेच होते. नुसत्या रांगा तोडा, कोणती व्हेरिएबल रिकामी होतात आणि कोण कुणाकडे युनिट नियमाने जाते याची नोंद बाजूला ठेवा, सीवायके तेवढ्यावर चालवता येते. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने हा सल्ला मानावा. त्याला आणखीही एक कारण आहे. पूर्ण रूपांतरात `S → A → B` सारख्या साखळ्या पुसल्या जातात, आणि मूळ व्याकरणाप्रमाणे वाक्याची रचना हवी असेल तर त्या परत जुळवत बसावे लागते. सिद्धतेसाठी मात्र पूर्ण रूपच सोयीचे. 2n − 1 हा नेमका आकडा आणि प्रत्येक फांदीला दोनच शाखा, या दोन गोष्टी अर्ध्या रूपात मिळत नाहीत.

थोडक्यात, नवी सुरुवात, टर्मिनल वेगळे करणे, तोडणे, एप्सिलॉन आणि शेवटी युनिट, हा क्रम ठेवावा. परीक्षेत पुस्तकातला क्रम मागितला असेल तर तो जरूर लिहा, पण आपल्या कामासाठी तो वापरू नका. पुढच्या लेखांकात वरच्या पाच ओळींचे व्याकरण घेऊन aabb साठी सीवायकेचा तक्ता भरू. तोवर `S → S S | a S b | ε` या व्याकरणाचे रूपांतर वाचकांनी स्वतः करून पाहावे. त्यात एप्सिलॉन गाळताना `S → S` असा नियम उगवेल. तो काहीच देत नाही, बेधडक खोडावा.