रिकामा खोका आणि २.६४० किलो

‘खोका उघडला तर आत काहीच नाही. पैसे परत करा.’ समजा, नाशिकहून घरच्या घरी पितळी वस्तू विकणाऱ्या एका ताईंना हा निरोप आला. वस्तू म्हणजे समयांची जोडी, किंमत ४,२०० रुपये. समया त्यांनी स्वतःच्या हाताने कागदात गुंडाळून भरल्या होत्या. संताप येणारच. पण समोरचा खोटं बोलतोय असं वाटलं तरी ते उत्तरात लिहायचं नाही. वाटेत कोणी माल काढून घेतला असेल, तर हाच निरोप खऱ्या ग्राहकानेही पाठवला असता, आणि पहिल्या दिवशी घरी बसून यातलं काय घडलं हे कळत नाही. ते कळतं वजनावरून.

इथेच बरेच छोटे विक्रेते फसतात. कुरिअरचं बिल पुढे करून ते म्हणतात, ‘बघा, तीन किलोचे पैसे भरलेत!’ पण कुरिअरवाले बरेचदा दोन वजनं काढतात. एक काट्यावरचं, दुसरं आकारमानावरून काढलेलं: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५,००० ने भागायची. जे जास्त येईल त्याचे पैसे. ताईंचा खोका ३० × २५ × २० सेंटीमीटरचा, म्हणजे हिशेब आला ३ किलो. हाच खोका रिकामा पाठवला असता तरी बिल ३ किलोचंच आलं असतं! त्या बिलाने काहीच सिद्ध होत नाही. काट्यावर भरलेलं खरं वजन हवं. ते बुकिंगच्या वेळी २.६४० किलो होतं. रिकामा खोका आणि आतले कागद मिळून जेमतेम ४०० ग्रॅम.

मग उत्तर असं जावं:

‘नमस्कार. समयांची जोडी मिळाली नाही, हा आपला निरोप काल संध्याकाळी पोहोचला. पार्सल आमच्याकडून निघाले तेव्हा कुरिअरच्या काट्यावर त्याचे वजन २.६४० किलो भरले. समया खोक्यात ठेवण्यापासून लेबल चिकटवेपर्यंतचे सलग चित्रीकरण आमच्याकडे आहे. वाटेतल्या नोंदलेल्या वजनांची माहिती कुरिअर कंपनीकडे लेखी मागितली आहे. कृपया खोका, टेप, लेबल आणि आतले कागद टाकू नयेत. खोक्याच्या सहाही बाजूंचे फोटो दोन दिवसांत पाठवावेत. उघडतानाचे चित्रीकरण असल्यास तेही पाठवावे. कुरिअरचे उत्तर येताच रकमेबाबतचा निर्णय आपणांस लेखी कळवू.’

यात आरोप नाही, पोलिसांची धमकी नाही आणि पैसे परत देण्याचं आश्वासनही नाही. हे त्याच दिवशी आणि लेखीच जायला हवं. फोनवर झालेल्या बोलण्याची नोंद राहत नाही, आणि कुरिअरकडे तक्रार करायची मुदत बरेचदा अगदी थोडी असते. ग्राहकाने कार्डाने पैसे भरून बँकेकडे वाद नोंदवला, तर बँकही पेमेंट कंपनीमार्फत विक्रेत्याकडे ठरावीक मुदतीत पुरावे मागते. तेव्हा हेच पत्र उपयोगी पडतं.

सहाही बाजूंचे फोटो कशासाठी, हे ताईंच्या एका सवयीवरून कळेल. तळाच्या आणि वरच्या टेपवरून खोक्याच्या पुठ्ठ्यापर्यंत त्या जाड मार्करने आडवी सही करतात. टेप सोडवून पुन्हा लावली की सहीच्या रेघा जुळत नाहीत, आणि नवी टेप वरून चिकटवली तर सही तिच्याखाली जाते. तळाकडून खोका उघडला गेला असेल, तर वरच्या बाजूच्या फोटोत ते कधीच दिसणार नाही. ग्राहकाच्या चित्रीकरणात खोका आधीच उघडा दिसत असेल, तर त्याला फार अर्थ उरत नाही. विक्रेत्याच्या चित्रीकरणालाही तोच नियम: मध्ये कॅमेरा बंद झाला की शंकेला जागा राहते.

आता कुरिअरचं उत्तर आलं. ग्राहकाच्या शहरातल्या शेवटच्या केंद्रावरही वजन २.६४० किलो, घरी देतानाच्या फोटोत सही अखंड, ओटीपी ग्राहकाच्याच फोनवरून दिलेला. आता दुसरं पत्र स्पष्ट असू शकतं: या नोंदी सोबत जोडल्या आहेत, त्यामुळे रक्कम परत करता येणार नाही. ग्राहक तरी अडून बसला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार करण्याचा मार्ग आहे. माझ्या मते ४,२०० रुपयांसाठी तो शेवटी ठेवावा, पण मूळ पुरावे मात्र पुसू नयेत.

कानातल्या झुमक्यांना हा उपाय लागू पडत नाही. वीस ग्रॅमचा फरक मोठ्या काट्यावर नीट कळेलच असं नाही. तिथे खोका ग्राहकासमोर उघडून देण्याची सोय मिळत असेल तर तीच घ्यावी.

आणि शेवटच्या केंद्रावरचं वजन ४०० ग्रॅम निघालं तर? मग ग्राहक खरं बोलत होता. ताईंनी पैसे परत करावेत आणि भरपाईचा दावा कुरिअरवर लावावा. पहिल्या पत्रातला एकही शब्द त्यांना मागे घ्यावा लागणार नाही.