टर्बाइनला पिस्टन नसतो

वाफेच्या जुन्या इंजिनाचं काम मोजायला जेम्स वॉटच्या कारखान्यात इंडिकेटर नावाचं उपकरण वापरत. पिस्टन पुढेमागे होताना सिलिंडरमधला दाब कसा बदलतो, हे ते कागदावर उमटवी. त्या आकृतीच्या क्षेत्रफळावरून एका फेरीतलं काम कळे. १८८४ साली चार्ल्स पार्सन्सने आपलं वाफेचं टर्बाइन फिरवलं आणि ही सोय संपली. टर्बाइनमध्ये पिस्टन नाही आणि वाफ कोंडलेलीही नाही. ती एका टोकाने अखंड आत येते, पात्यांच्या रांगांमधून फुगत जाते आणि दुसऱ्या टोकाने निघून जाते. वाटेत घर्षण होतं, भोवरे उठतात, फटींतून थोडी वाफ निसटते. पात्यापात्यावरचा जोर मोजून बेरीज करायची म्हटलं तर आयुष्य पुरणार नाही.

म्हणून उष्मागतिकीच्या पहिल्या नियमाकडे वळावं लागतं. यंत्राभोवती एक काल्पनिक वेष्टण घ्यायचं. यंत्र एका गतीने, एका भाराने चालू असेल तर वेष्टणाच्या आत ऊर्जा साठतही नाही आणि घटतही नाही. मग जेवढी आत येते तेवढीच बाहेर गेली पाहिजे. आतल्या भानगडी कितीही असोत, हिशेब फक्त प्रवेशावर आणि निर्गमावर होतो.

हा हिशेब करताना एक चूक हमखास होते, आणि माझ्या मते विषयाचं मर्म तिच्यातच आहे. समजा, ३० बार दाबाची, ४०० अंश सेल्सिअसची वाफ सेकंदाला १० किलो या दराने आत येते. बाहेर पडताना दाब ०.१ बार उरलेला असतो आणि वाफ ओली असते, म्हणजे वजनाने दहा टक्के पाणी होऊन. वाफेच्या तक्त्यांत पाहिलं तर आंतरिक ऊर्जा दर किलोमागे २९३३ किलोज्यूलवरून २२१३ वर येते. फरक ७२०. एवढंच काम मिळालं, असं कोणालाही वाटेल.

पण वाफ आपणहून आत शिरत नाही. मागची वाफ पुढच्या वाफेला ढकलते, आणि त्या ढकलण्याचं काम प्रवाहाबरोबर यंत्रात येतं. ते म्हणजे दाब गुणिले आकारमान. आपल्या वाफेसाठी प्रवेशाला ते २९८ किलोज्यूल भरतं. बाहेर पडणाऱ्या वाफेलाही पुढची वाफ रेटत जावं लागतं, त्यात १३२ खर्च होतात. उरलेले १६६ किलोज्यूल शाफ्टच्या वाट्याला येतात. म्हणजे खरं काम दर किलोमागे ८८६ किलोज्यूल, आणि शाफ्टवरची शक्ती सुमारे ८.९ मेगावॉट. आंतरिक ऊर्जा आणि हे ढकलण्याचं काम एकत्र धरलं की तिला एन्थाल्पी म्हणतात. रिचर्ड मोलियरने १९०४ मध्ये मांडलेल्या आलेखात टर्बाइनचं काम उभं अंतर मोजून वाचता येतं, ते याच राशीमुळे.

बाकीच्या बाबी लहान असतात. वाफेचा वेग ५० वरून १५० मीटर प्रतिसेकंद झाला, तर त्यात दर किलोमागे १० किलोज्यूल जातात. वेष्टणातून हवेत जाणारी उष्णता चांगल्या आवरणामुळे बहुधा त्याहूनही कमी असते.

कॉम्प्रेसरमध्ये हाच हिशेब उलटा चालतो. २५ अंशांची हवा सुमारे चार बारपर्यंत दाबली आणि ती २०० अंशांना बाहेर पडली, तर दर किलोमागे १७६ किलोज्यूल पुरवावे लागतात. ढकलण्याचं काम विसरलं तर उत्तर १२६ येतं, आणि त्या उत्तरावर निवडलेली मोटर पहिल्याच दिवशी ओव्हरलोडवर ट्रिप होते.

टर्बाइनच्या बाबतीत या समीकरणाचा आणखी एक उपयोग मला फार मोलाचा वाटतो. ०.१ बार दाबाला ओल्या वाफेचं तापमान सुमारे ४६ अंशच असतं, मग तिच्यात पाणी पाच टक्के असो की पंधरा. त्यामुळे निर्गमाला दाबमापक आणि तापमापक लावूनही वाफेची अवस्था कळत नाही. तिथे हिशेब उलट दिशेने करतात. जनरेटरमधून मिळालेल्या विजेत त्याचे आणि बेअरिंगचे नुकसान मिळवलं, की शाफ्टवरची शक्ती कळते. समजा ती ८.९ ऐवजी ८.५ मेगावॉट भरली. मग दर किलोमागे काम ८५०, बाहेरची एन्थाल्पी ३२३१ वजा ८५०, म्हणजे २३८१, आणि त्यावरून वाफेत पाणी साडेआठ टक्के. वाफ अपेक्षेपेक्षा कोरडी निघते आहे. शेवटच्या रांगेतल्या पात्यांवर थेंब कमी आदळतील हे खरं, पण शाफ्टला मिळायची ऊर्जा तेवढी वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये चालली आहे.

कारण पात्यांवर साचलेले क्षार असेल, किंवा झिजलेली सील. पहिला नियम ते सांगत नाही. त्यासाठी मधल्या टप्प्यांवरचे दाब तपासावे लागतात आणि शेवटी केसिंग उघडावं लागतं. शिवाय हे आकडे घेताना यंत्र स्थिरावलेलं असायला हवं. नुकतंच सुरू केलेलं टर्बाइन स्वतःचं लोखंड तापवण्यात ऊर्जा घेत असतं, आणि त्या वेळी केलेला हिशेब जुळत नाही.