प्राजक्त, रातराणी आणि मधलं इंग्रजी नाव

रोपं घरपोच पाठवणाऱ्या नर्सऱ्यांच्या ऑनलाइन नोंदी मी गेली काही वर्षं वाचतो आहे. रोपं घेण्यासाठी थोड्या आणि नावांसाठी जास्त. या नोंदींचा साचा आता ठरून गेला आहे. आधी इंग्रजी नाव, मग हिंदी किंवा मराठी, कुठेतरी तिरप्या अक्षरांत शास्त्रीय नाव, त्यानंतर कुंडीचा आकार, आणि खाली ऊन-पाण्याच्या दोन ओळी. वरवर पाहता यात गैर काही नाही. ग्राहक शोधताना कोणतं नाव टंकेल हे विक्रेत्याला ठाऊक नसतं, म्हणून तो हाताशी असतील तेवढी नावं एका ओळीत ओवतो. गोंधळ सुरू होतो तो या ओवण्यातूनच. त्याचा सगळ्यात चांगला नमुना पाहायचा तर या धाटणीचं एक शीर्षक घ्यावं:

Night Jasmine, Parijat, Raat Rani Live Plant with Pot

मराठी घरात वाढलेलं पोरही प्राजक्त आणि रातराणी यांत गल्लत करणार नाही. एकाची फुलं पहाटे अंगणात सडा घालतात आणि ती देवाला वाहायला वेचली जातात; दुसरीचा वास रात्री गल्लीच्या टोकापर्यंत जातो, पण तिची फुलं वेचायला कुणी बसत नाही. सत्यभामेच्या दारात झाड आणि रुक्मिणीच्या अंगणात फुलं, ही कथा रातराणीची होऊच शकत नाही. म्हणजे मराठीत या दोन नावांत अंतर स्वच्छ आहे. ते पुसलं जातं इंग्रजीत. प्राजक्ताला इंग्रजीत ‘नाइट जॅस्मिन’ म्हणतात आणि रातराणीला ‘नाइट ब्लूमिंग जॅस्मिन’. नोंद लिहिणारा मधला शब्द गाळतो, आणि मग त्या इंग्रजी नावाचं देशी भाषेत भाषांतर करताना ज्याला जे आठवेल ते लिहितो. नाव मराठीतून इंग्रजीत गेलं ते प्राजक्त म्हणून, परत आलं ते रातराणी होऊन.

गंमत अशी, की लॅटिनही इथे फसवू शकतं. लिनियसने 1753च्या ‘स्पीशीज प्लँटारम’मध्ये दोन्ही वनस्पतींना नावं दिली. प्राजक्ताचं ‘निक्टँथिस आर्बर-ट्रिस्टिस’, म्हणजे रात्री फुलणारा, दुःखी वृक्ष. रातराणीचं ‘सेस्ट्रम नॉक्टर्नम’, त्यातही रात्र आहेच. अर्थ लावत बसलं तर दोन्ही नावं रात्रीच्याच फुलाकडे नेतात. शास्त्रीय नावाचा उपयोग अर्थासाठी नाही, ते एकाच वनस्पतीला चिकटलेलं असतं यासाठी आहे. कुळ पाहिलं की अंतर कळतं. प्राजक्त ओलिएसी कुळातला, म्हणजे जाई, जुई आणि मोगऱ्याचा खरा भाऊबंद. रातराणी सोलॅनेसी कुळातली, धोत्र्याच्या नात्यातली, मूळची वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडची. ‘जॅस्मिन’ म्हणवून घेण्याचा तिचा हक्क फक्त वासापुरता.

या अंतराला घरात किंमत आहे. प्राजक्ताच्या पानांचा काढा तापावर आणि सांधेदुखीवर घेण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे, आणि पानांसाठीच रोप मागवणारे लोक कमी नाहीत. काढ्याच्या गुणाबद्दल इथे मला काही म्हणायचं नाही. पण रातराणीची पानं आणि फळं विषारी आहेत. वर दिलेल्या शीर्षकाखालून आलेल्या रोपाची पानं कुणी विश्वासाने उकळली, तर चूक फुलदाणीपुरती राहत नाही.

मग ‘पारिजात’ हेच नाव धरून शोधावं, असं वाटेल. पण तेही एकट्याने पुरत नाही. संस्कृत कोशांत पारिजात म्हणजे पांगाराही आहे. उत्तर प्रदेशात बाराबंकी जिल्ह्यातल्या किंतूर गावी लोक ज्या प्रचंड झाडाला पारिजात म्हणून नमस्कार करतात, ते आपल्याकडची गोरखचिंच आहे. उत्तरेत प्राजक्ताला हरसिंगार म्हणतात, बंगालीत शिउली. म्हणून शोधखिडकीत Nyctanthes arbor-tristis टंकावं आणि नोंदीतही तेच लिहिलेलं आहे ना, हे पाहावं. त्याच नोंदीच्या शीर्षकात रातराणी असेल आणि तपशिलात हे नाव, तर ती सोडून द्यावी. वर्णन एका झाडाचं आणि फोटो दुसऱ्याचा, असं तिथे बहुधा असतंच.

अर्थात शास्त्रीय नाव बरोबर असणं म्हणजे नोंद बरोबर असणं. पिशवीत तेच रोप असेल याची खात्री त्यातून मिळत नाही. नाव बहुतेक वेळा यादीतून उचललेलं असतं, रोपाकडे पाहून लिहिलेलं नसतं. आणि खोकं उघडतं तेव्हा रोपाला फूल नसतं. सुदैवाने ही जोडी फुलाविना ओळखता येते. पानाच्या वरच्या बाजूने बोट फिरवा: प्राजक्ताचं पान सुताराच्या पॉलिश कागदासारखं खरखरीत लागतं, रातराणीचं गुळगुळीत आणि चकचकीत. मग पानं फांदीवर कशी बसली आहेत ते पाहा. प्राजक्ताची समोरासमोर जोडीने येतात, रातराणीची एकाआड एक. तिसरी खूण कोवळ्या फांदीची: प्राजक्ताची चौकोनी, चार कडा बोटांना जाणवतात. तीनही खुणा एका मिनिटात तपासून होतात.

आता कुंडी. ‘6 इंची कुंडीसह’ असं लिहिलेलं असतं तेव्हा ते माप कुंडीच्या तोंडाच्या व्यासाचं असतं. रोप केवढं आहे, हे त्यातून कळत नाही. पार्सलचं वजन कमी राहावं म्हणून रोप बहुधा छोट्या पिशवीत, कोकोपीटमध्ये वाढवलेलं असतं आणि कुंडी वेगळी ठेवलेली असते. रोपाची उंची आणि ते बियांपासून केलं आहे की फांदीपासून, हे विचारून घ्यावं. बियांच्या रोपाला फुलायला जास्त वर्षं लागतात. प्राजक्त हे झाड आहे, झुडूप म्हणून फार दिवस राहत नाही. 6 इंची कुंडी ही त्याची धर्मशाळा. 12 इंची कुंडी रुंदीला दुप्पट आणि खोलीलाही दुप्पट असेल, तर तिच्यात माती आठपट मावते. मुळांसाठी खरा फरक हा असतो, आणि इंचांच्या आकड्यावरून तो लक्षात येत नाही.

नावांची सरमिसळ झाली की निगेच्या ओळीही सरमिसळ होतात. रातराणीला पाणी बऱ्यापैकी लागतं, ती नव्या फुटव्यावर फुलते, म्हणून बहर ओसरला की छाटली तर पुन्हा फुलते. प्राजक्ताला पाच-सहा तास ऊन आणि पाणी झटकन निचरणारी माती हवी. पावसाळा सरता सरता आणि त्यानंतरच्या महिन्यांत तो फुलतो, आणि पुढे कोरड्या दिवसांत पानं गाळतो. ‘रोज पाणी द्या’ ही सरसकट ओळ वाचलेला माणूस निष्पर्ण रोप पाहून घाबरतो, पाणी वाढवतो, आणि जे विश्रांती घेत होतं त्याची मुळं कुजवतो. अशा वेळी नखाने खोडाची साल जराशी खरवडून पाहावी. आत हिरवं दिसलं, तर रोप जिवंत आहे. वरची दोन बोटं माती सुकेपर्यंत त्याला पाणी देऊ नये.