फोन बंद पडला तर घराचं दार उघडणार कसं? ब्लूटूथ लॉकची जोडणी समजून घ्या

समजा, खडवलीत राहणारी एक नोकरदार बाई रात्री कसारा लोकलने घरी येते आहे. सीएसएमटीपासूनचा प्रवास दीड तासापेक्षा जास्त. टिटवाळा गेलं आणि फोनची बॅटरी संपली. घराला ब्लूटूथवर चालणारा स्मार्ट लॉक आहे, तो ती रोज फोनवरूनच उघडते. नवरा कामानिमित्त नाशिकला. किल्ली घरातल्या कपाटात. आता ती घरात जाणार कशी?

याचं उत्तर त्या रात्री नाही, तर लॉक बसवला त्या दिवशी ठरलेलं असतं. म्हणून आधी जोडणी कशी होते ते पाहू.

फोन आणि लॉक जोडले जातात म्हणजे नेमकं काय होतं?

इथे पहिली चूक बहुतेकांची होते. हेडफोन जोडतो तसं लोक फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये जाऊन लॉकचं नाव शोधतात. तिथे तो बहुधा दिसत नाही, आणि दिसला तरी तिथून जोडून उपयोग नसतो. लॉक जोडायचा तो त्याच्या ॲपमधूनच. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या अनेक लॉकना `TTLock` हे ॲप चालतं. काही कंपन्यांचं स्वतःचं असतं. लॉकसोबतच्या माहितीपत्रकात ज्याचं नाव असेल तेच घ्यावं.

ॲपमध्ये खातं उघडून फोनचं ब्लूटूथ सुरू करायचं. अँड्रॉइड १२ किंवा त्यापुढचा फोन असेल तर `Nearby devices` ही परवानगी द्यावी लागते. त्याआधीच्या फोनमध्ये लोकेशन सुरू असावं लागतं, नाहीतर ॲपला आजूबाजूची ब्लूटूथ उपकरणं शोधताच येत नाहीत. ‘लॉक सापडतच नाही’ या तक्रारीमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

मग दार उघडं ठेवून लॉकजवळ उभं राहायचं आणि कीपॅडला हात लावायचा. बॅटरी वाचवण्यासाठी लॉक एरवी झोपलेला असतो. हात लागला की आकडे उजळतात आणि तो आपलं नाव हवेत पाठवू लागतो. त्याच वेळी ॲपमध्ये ‘लॉक जोडा’ हा पर्याय निवडला की तो यादीत दिसतो.

त्यावर बोट ठेवलं की खरी जोडणी होते. एक गुप्त किल्ली तयार होते. ती म्हणजे आकड्यांची लांबलचक रांग. तिची एक प्रत लॉकमध्ये राहते, दुसरी खात्यात. लॉकमधलं घड्याळही याच वेळी फोनच्या वेळेशी जुळवलं जातं. जोडणारी व्यक्ती लॉकची मुख्य चालक, म्हणजे ॲडमिन, होते. यानंतर शेजाऱ्याने तेच ॲप घेतलं तरी त्याला हा लॉक जोडता येत नाही. ॲडमिनने लॉक खात्यातून काढला किंवा आतल्या बाजूचं रीसेट बटण दाबलं, तरच तो पुन्हा नव्यासारखा होतो.

जोडणी होईपर्यंत मात्र लॉक कारखान्यातल्या ठरावीक कोडने उघडतो, आणि तो अनेकदा `123456` असतो. त्यामुळे सुताराने लॉक बसवला आणि जोडणी ‘उद्या करू’ म्हणून ठेवली, तर त्या रात्री दाराला कुलूप नसल्यासारखंच.

फोन बंद पडल्यावर लॉकचं काय होतं?

लॉकचं काहीच होत नाही. लॉक फोनच्या बॅटरीवर चालत नाही आणि घरातल्या विजेवरही नाही. त्यात स्वतःचे सेल असतात, बहुधा चार किंवा आठ एए सेल. फोन बंद झाला म्हणून दार आपोआप उघडत नाही, की कायमचं अडकतही नाही. फक्त फोनवाली किल्ली तेवढी हातातून जाते.

फोन मेला आहे की लॉक, हे ओळखणं सोपं आहे. कीपॅडला हात लावा. आकडे उजळले तर लॉक जिवंत आहे आणि कोड, कार्ड किंवा बोटाचा ठसा यांपैकी जे आधी नोंदवलं असेल ते चालेल. आकडे उजळलेच नाहीत तर लॉकचे सेल संपले आहेत. अशा वेळी अनेक लॉकच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या कडेला, यूएसबीची जागा किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीसाठी दोन टोकं असतात. पॉवर बँक किंवा बॅटरी लावली की लॉक तात्पुरता जागा होतो. पण दार उघडायला कोड किंवा ठसा तेव्हाही लागतोच.

दुसऱ्याच्या फोनवरून लॉगइन केलं तर?

सुचतं ते हेच, आणि अडतंही इथेच. नव्या फोनवर खातं उघडताना अनेक ॲप पडताळणीचा ओटीपी पाठवतात. तो येतो बंद पडलेल्या फोनमधल्या सिमवर. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालता येतं, पण त्यासाठी छोटी पिन लागते आणि पासवर्डही आठवावा लागतो. त्यापेक्षा शेजाऱ्याकडे अर्धा तास फोन चार्ज करणं सोपं.

नाशिकहून दार उघडता येतं का?

लॉकला इंटरनेट नसेल तर नवरा नाशिकहून थेट दार उघडू शकत नाही, कारण ब्लूटूथचा पल्ला फार तर काही मीटरचा. पण तो कोड देऊ शकतो. `TTLock` सारख्या ॲपमध्ये ॲडमिन रात्री ९ ते ११ एवढ्यापुरता कोड मागू शकतो. तो ऐकून बाईने शेजाऱ्यांच्या फोनवरून घेतला आणि कीपॅडवर दाबला की दार उघडतं.

लॉकला हा कोड कुणी कळवला? कुणीच नाही. जोडणीच्या वेळी लॉक आणि कंपनीचा सर्व्हर यांच्याकडे एकच गुपित ठेवलेलं असतं. त्या गुपितातून आणि दिलेल्या वेळेतून सर्व्हर कोड काढतो. दाबलेला कोड खरा आहे का आणि तो आत्ताच्या वेळेचा आहे का, हे लॉक त्याच गुपितावरून आणि आपल्या घड्याळावरून तपासतो. म्हणूनच लॉकचं घड्याळ चुकलं तर बरोबर कोडही नाकारला जातो. ॲपमधून, लॉकजवळ उभं राहून, ते पुन्हा जुळवावं लागतं.

यात एक मर्यादा आहे. ‘आपल्या लग्नाची तारीख कोड म्हणून टाक’ असं नाशिकहून करता येत नाही. आपल्या पसंतीचा आकडा लॉकमध्ये नोंदवायचा तर फोन लॉकच्या जवळ हवा, किंवा घरात इंटरनेटला जोडलेलं गेटवे नावाचं वेगळं उपकरण हवं.

म्हणून बसवतानाच काय करावं?

जोडणी झाली त्याच दिवशी, दार उघडं असताना, पाठ राहील असा एक कायमचा कोड नोंदवा आणि घरातल्या प्रत्येकाच्या बोटाचा ठसा घ्या. मग फोनचं ब्लूटूथ बंद करून त्या दोन्हींनी लॉक चालतो का ते तपासा. साधी किल्ली मिळाली असेल तर ती घरातल्या कपाटात नव्हे, घराबाहेर विश्वासाच्या माणसाकडे द्या. आणि घरातल्या एका माणसाचा मोबाइल नंबर पाठ करा. फोन मेला की त्यातले सगळे नंबरही त्याच्याबरोबर जातात, आणि नाशिकचा कोड मिळवायचा तर आधी नाशिकला फोन लागला पाहिजे.