एनक्लेक्ससाठी बारा आठवडे

अमेरिकेत परिचारिका म्हणून परवाना मिळवायचा, तर एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. इथल्या रुग्णालयात दहा वर्षे काढलेल्या सिस्टरलाही ती चुकत नाही. परीक्षा संगणकावर होते. किमान 85 आणि कमाल 150 प्रश्न असतात, त्यासाठी पाच तास मिळतात आणि मागे जाऊन उत्तर बदलता येत नाही. उत्तर बरोबर आले की पुढचा प्रश्न अवघड येतो, चुकले की थोडा सोपा. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची 95 टक्के खात्री झाली की संगणक परीक्षा थांबवतो.

या रचनेमुळे तयारीची रीतही बदलते. प्रश्न उमेदवाराच्या कुवतीच्या काठावरचे निवडले जात असल्याने हुशार आणि सामान्य अशा दोघांचीही जवळपास निम्मी उत्तरे चुकतात. त्यातच 2023च्या एप्रिलपासून एकाच रुग्णाच्या नोंदींवर सलग सहा प्रश्न विचारणारी प्रकरणे आली आहेत. नुसत्या पाठांतराचा उपयोग तिथे लवकर संपतो. म्हणून ‘आधी सगळे वाचून काढू, मग प्रश्न सोडवू’ हा आपल्याकडचा नेहमीचा बेत इथे फसतो. प्रश्न पहिल्या दिवसापासून हवेत. आठवड्यागणिक वाचन कमी आणि प्रश्न जास्त होत जावेत.

पहिल्या आठवड्यात अभ्यास असा फारसा करायचाच नाही. एका बैठकीत मिश्र विषयांचे 75 प्रश्न सोडवायचे आणि कच्चे विषय कोणते ते पाहायचे. याच आठवड्यात पुढच्या तीन महिन्यांच्या ड्यूटीचा तक्ता समोर ठेवून अभ्यासाचे तास ठरवावेत. नोकरी सांभाळणाऱ्या परिचारिकेला दिवसाला अडीच तास मिळाले तरी पुष्कळ. नाईट ड्यूटीच्या आठवड्यात नवा विषय घेऊ नये. त्या दिवसांत अर्धा तास चुकांची वही चाळली तरी पुरे. तक्त्यात आठवड्याचा एक दिवस पूर्ण मोकळा ठेवायचा. ‘जमलं तर विश्रांती’ असे ठरवणाऱ्यांना ती कधीच जमत नाही.

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यापर्यंत विषयवार उजळणी चालते. हृदय व श्वसन, मूत्रपिंड व क्षार, अंतःस्रावी ग्रंथी, प्रसूती व बालरोग, मानसिक आरोग्य असे गट पाडता येतात. औषधांना मात्र वेगळा आठवडा न देता प्रत्येक गटात रोज थोडी घ्यावीत, कारण एकदम वाचलेली औषधे एकदम विसरतात. परीक्षेत व्यापारी नावे चालत नाहीत आणि काही नावे अमेरिकी असतात. पॅरासिटामॉलला तिथे असिटामिनोफेन म्हणतात, तर सालब्युटामॉलला अल्ब्युटेरॉल. रोज एक तास वाचन, मग त्याच विषयाचे 25 ते 30 प्रश्न आणि उरलेला सगळा वेळ त्या प्रश्नांच्या तपासणीला, अशी ही वाटणी.

खरा अभ्यास तपासणीतच होतो. एक नमुना पाहू. हृदय निकामी होत चाललेला रुग्ण फ्युरोसेमाइड आणि डिगॉक्सिन घेतो आहे. सकाळच्या रक्ततपासणीत पोटॅशियम 3.0 आले. रुग्णाला मळमळते आहे आणि दिव्याभोवती पिवळी वलये दिसताहेत. परिचारिकेने आधी काय करावे? पर्याय चार आहेत: केळी खायला सांगणे, मळमळीचे औषध देणे, डिगॉक्सिन जेवणाबरोबर देणे, किंवा डिगॉक्सिन थांबवून डॉक्टरांना कळवणे. पोटॅशियम कमी दिसले म्हणून केळ्याकडे हात जाणे स्वाभाविक आहे. पण फ्युरोसेमाइडमुळे पोटॅशियम उतरते, ते उतरले की डिगॉक्सिनची विषबाधा सोपी होते, आणि मळमळ व पिवळी वलये ही तिचीच लक्षणे. त्यामुळे चौथा पर्याय बरोबर.

केळी निवडणारीने वहीत ‘चुकले’ एवढेच लिहिले तर काही साधत नाही. चूक कशी झाली ते लिहायला हवे: डिगॉक्सिनविषयी माहिती नव्हती, माहिती होती पण वलयांचा धागा सुटला, की प्रश्नातला ‘आधी’ हा शब्दच नजरेतून निसटला? पहिल्या चुकीवर वाचन हा उपाय आहे. दुसऱ्या दोन वाचनाने सुधारत नाहीत. त्यासाठी प्रश्नच जास्त आणि सावकाश सोडवावे लागतात. दोन-तीन आठवड्यांची वही पाहिली की आपला दोष कुठला ते कळते. बहुतेकांचा पुस्तकाबाहेरचाच निघतो.

भारतीय परिचारिकांना ठेच लागते ती कामाच्या वाटणीच्या प्रश्नांत. परीक्षेचा 15 ते 21 टक्के भाग रुग्णसेवेच्या व्यवस्थापनाचा असतो, सगळ्या विभागांत सर्वांत मोठा. आपल्या वॉर्डात सिस्टर, मावशी आणि नातेवाईक मिळून काम उरकतात. तिथे मात्र कोणी काय करायचे याच्या रेषा स्पष्ट आहेत. स्थिर रुग्णाला आंघोळ घालणे, त्याचे तापमान घेणे हे मदतनिसाला सांगता येते. रुग्णाची प्राथमिक तपासणी, त्याला शिकवणे आणि उपचाराचा परिणाम जोखणे नोंदणीकृत परिचारिकेनेच करायचे. सातव्या आठवड्यात इतर विषय आवरते घेऊन निदान चार दिवस या प्रश्नांना द्यावेत.

आठव्या आठवड्यात पुन्हा मिश्र चाचणी घ्यायची, या वेळी वेळ लावून. नवव्या-दहाव्यात रोज 50 ते 75 मिश्र प्रश्न आणि एक-दोन प्रकरणे. इथे एक नियम ध्यानात ठेवावा: ‘लागू असतील ते सर्व निवडा’ प्रकारात बरोबर निवडीला गुण मिळतो आणि चुकीच्या निवडीला कापला जातो, तेव्हा शंकेचे पर्याय सरसकट टिचकावण्यात तोटाच आहे.

ताण वाढतो तो याच पंधरवड्यात, आणि तो आधी आकड्यांत दिसतो. अभ्यासाचे तास वाढले पण बरोबर उत्तरे घटली, आधी बरोबर निवडलेले पर्याय बदलून चुकू लागले, एकच प्रश्न तीनदा वाचावा लागला, तर ती झोपेची थकबाकी समजावी. अशा वेळी प्रश्न वाढवणे हा सर्वांत वाईट उपाय. एक दिवस पूर्ण सुट्टी, मग दोन दिवस निम्मे प्रश्न, आणि तरीही घसरण थांबली नाही तर परीक्षेची तारीख पुढे ढकलण्याचा विचार करावा. अनुत्तीर्ण झाल्यास पुन्हा बसण्यासाठी निदान 45 दिवस थांबावे लागते. छातीत धडधड आणि झोपमोड आठवडाभर टिकली, तर मात्र तक्ता बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवावे.

अकराव्या आठवड्यात 150 प्रश्नांच्या दोन पूर्ण चाचण्या, मध्ये तीन दिवसांचे अंतर ठेवून, परीक्षा ज्या वेळी आहे त्याच वेळी द्याव्यात. दोन तासांनी आणि साडेतीन तासांनी ऐच्छिक विश्रांती मिळते, पण घड्याळ चालूच राहते. ती घेऊन पाहण्याची सवय इथेच करावी. बाराव्यात रोज 30 प्रश्न आणि चुकांची वही, नवे काहीही नाही. रात्रपाळी असेल तर ती याआधीच बदलून घ्यावी. आदल्या दिवशी ओळखपत्रावरचे नाव नोंदणीतल्या नावाशी अक्षरशः जुळते का, ते पाहावे. परीक्षेत 85व्या प्रश्नानंतर पडदा बंद झाला नाही, तर त्याचा अर्थ इतकाच की संगणकाचा निर्णय अजून व्हायचा आहे. 86व्या प्रश्नालाही पहिल्याइतकाच वेळ द्यावा.