४.६ आणि ३ अँपिअरची बेरीज २.८४ कशी?

प्रश्न : घरगुती २३० व्होल्टवर एक मोटर ४.६ अँपिअर घेते आणि तिला समांतर जोडलेला कॅपॅसिटर ३ अँपिअर. मग तारेतून ७.६ अँपिअर वाहायला हवेत ना?

नाही. दोन्ही प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत. मोटरचा प्रवाह व्होल्टेजच्या मागे राहतो, तर कॅपॅसिटरचा ९० अंश पुढे धावतो. म्हणून प्रत्येक प्रवाहाची लांबी आणि कोन दोन्ही धरावे लागतात. हेच फेझरचे पोलर रूप. गुणाकार-भागाकार या रूपात सोपा जातो, पण बेरजेसाठी आडवा आणि उभा भाग वेगळे करावे लागतात, म्हणजेच रेक्टँग्युलर रूपात जावे लागते.

प्रश्न : मोटरचा कोन कुठून आणायचा?

मोटरचा रोध ३० ओहम आणि रिॲक्टन्स ४० ओहम धरा. कॅसिओ fx-991ES वर `Pol(30,40)` दिले की ५० आणि ५३.१३ अंश मिळतात. २३० ला ५० ने भागले की ४.६ अँपिअर, आणि भागाकारात कोनाचे चिन्ह उलटते, म्हणून उणे ५३.१३ अंश. आता `Rec(4.6,-53.13)` केले की २.७६ आणि उणे ३.६८ येतात. कॅपॅसिटरचा प्रवाह पूर्ण उभा, म्हणजे अधिक ३. उभ्या भागांची बेरीज उणे ०.६८. शेवटी `Pol(2.76,-0.68)` : २.८४ अँपिअर, कोन उणे १३.८ अंश. कॅपॅसिटर जोडल्यावर तारेतला प्रवाह कमी झाला, तो असा.

प्रश्न : इतके टप्पे टाळता येत नाहीत का?

येतात. `MODE` `2` ने CMPLX निवडा. `i` साठी `ENG`, कोनाच्या खुणेसाठी `SHIFT` `(-)`.

```
230÷(30+40i)+3∠90
```

एवढे लिहून `SHIFT` `2` `3` `=` दाबले की उत्तर थेट पोलर रूपात येते. कंस मात्र विसरू नका. ते नसले, तर यंत्र २३० ला फक्त ३० ने भागते आणि ४०i वेगळे मिळवते.

प्रश्न : उत्तर चुकले हे ओळखायचे कसे?

पडद्यावर वर D दिसतो का, ते आधी पाहा. R असेल तर यंत्र रेडियनमध्ये आहे. तेव्हा हेच `Rec(4.6,-53.13)` आडवा भाग उणे ४.४२ दाखवते. उणे ९० ते ९० अंशांमधल्या कोनाचा आडवा भाग ऋण येऊच शकत नाही, तेव्हा चूक तिथेच पकडता येते.

दुसरा घोटाळा tan⁻¹ चा. आडवा भाग उणे ३ आणि उभा ४ असताना tan⁻¹ उणे ५३.१३ अंश सांगते, पण खरा कोन १२६.८७ अंश आहे. भागाकार करताना उणे चिन्ह वर होते की खाली, हे tan⁻¹ ला कळत नाही. `Pol` ला दोन्ही आकडे वेगवेगळे मिळतात, म्हणून ते योग्य चतुर्थांश निवडते. हाताने सोडवायचे असेल, तर आडवा भाग ऋण असताना tan⁻¹ च्या उत्तरात १८० अंश मिळवा.