मनगटावरचा ११८चा आकडा

ताई ५६ वर्षांची आहे. दिवाळीत तिच्या मुलाने तिला फिटनेस बँड आणून दिला. शिवाजी पार्कला सकाळच्या तीन फेऱ्या ती आधीपासूनच मारायची, आता त्या मनगटाकडे बघत बघत मारू लागली. आठ दिवसांत तिचा फोन आला. "अगं, चालताना ठोके ११८ दाखवतंय. मला ना धाप लागते, ना काही. डॉक्टरांकडे जाऊ का? की हे बदलून स्मार्टवॉचच घेऊ?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्यासोबत गेले. ती नेहमीच्या चालीने चालत होती आणि पडद्यावर ११७, ११८, ११८ असे आकडे येत होते. मी मोबाईलवर मिनिटभराची वेळ लावून तिची पावलं मोजली, तीही ११८ भरली. मग तिला कट्ट्यावर बसवलं आणि लगेच अंगठ्याच्या मुळाशी बोटं ठेवून नाडी मोजली. १५ सेकंदांत २३ ठोके, म्हणजे मिनिटाला ९२. तोवर बँडही ११८वरून थेट ९४वर येऊन बसला होता. साध्या चालीनंतर हृदय असं क्षणात पंचवीस ठोके खाली उडी मारत नाही, ते सावकाश उतरतं. बँड तिचे ठोके मोजतच नव्हता, पावलं मोजत होता.

असं होतं, कारण हे यंत्र ठोके ऐकत नाही, बघतं. बँडच्या पाठीला हिरवे दिवे असतात. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. प्रत्येक ठोक्यासरशी मनगटात रक्ताची लाट येते, तेव्हा परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, आणि त्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. पण चालताना हात हलतो, सैल बँड कातडीवर वरखाली सरकतो, बाहेरचा उजेड आत शिरतो, आणि या हालचालींचीही एक लाट तयार होते. ती रक्ताच्या लाटेपेक्षा मोठी झाली की बँड तिलाच नाडी समजतो. या क्षेत्रातले लोक याला कॅडन्स लॉक म्हणतात. झपझप चालणाऱ्याची पावलं मिनिटाला १०० ते १२० पडतात आणि मध्यमवयीन माणसाची चालतानाची नाडीही तिथेच कुठेतरी असू शकते. त्यामुळे हा घोटाळा चालणाऱ्यांच्या बाबतीत लवकर लक्षातही येत नाही.

ताईच्या बाबतीत दोष बांगड्यांचा होता. बँड बांगड्यांच्या खाली, तळहाताला लागून, सैल बांधलेला. प्रत्येक पावलाला बांगड्या त्याला ढकलत होत्या. आम्ही तो बांगड्यांच्या वर, मनगटाच्या हाडापासून दोन बोटं कोपराच्या बाजूला नेला आणि पट्टा एक भोक घट्ट केला. हात झटकला तरी सरकू नये आणि काढल्यावर कातडीवर खोल वळ उठू नये, इतका घट्ट पुरे. पुढच्या फेरीत आकडा ९६-९७वर स्थिरावला. बसून पुन्हा नाडी मोजली, ९६. डॉक्टरांची भेट वाचली आणि नव्या घड्याळाचा खर्चही.

कारण हीच गोष्ट महागड्या घड्याळातही होते. तिथले सेन्सर आणि गणित अनेकदा सरस असतात, पण तत्त्व तेच हिरव्या दिव्यांचं. सैल बांधलं तर तेही फसतं. दीड-दोन हजारांत मिळणाऱ्या मोठ्या चकचकीत पडद्याच्या स्मार्टवॉचमध्ये पैसा बराचसा पडद्यावर आणि कॉलिंगवर गेलेला असतो. त्याच भावात चांगल्या कंपनीचा साधा बँड मिळत असेल, तर चालणाऱ्याने तोच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

पावलांची गोष्ट सोपी आहे. आत हालचाल ओळखणारी एक चिप असते, ती हाताच्या झोक्यावरून पाऊल ठरवते. हातात भाजीची जड पिशवी असली, खिशात हात घातला, नातवाची बाबागाडी ढकलली की झोका थांबतो आणि पावलं कमी भरतात. स्कूटरवर खड्ड्यांतून गेलं की उगाच वाढतात. मोकळ्या हाताने मनात १०० पावलं मोजून चाला. बँडवर ९५ ते १०५ आली तर तो ठीक आहे.

अंतर मात्र तपासून घ्या. ज्या बँडमध्ये स्वतःचं जीपीएस नाही आणि मोबाईलही घरीच आहे, तो पावलांना अंदाजी पावलाच्या लांबीने गुणतो. ही लांबी तो तुमच्या उंचीवरून धरतो. शिवाजी पार्कची बाहेरची फेरी १.१७ किलोमीटरच्या आसपास आहे. ताईची एका फेरीत १,९५० पावलं झाली, म्हणजे पाऊल ६० सेंटीमीटरचं. बँडने ते ६६ धरलं होतं, म्हणून तो फेरीला जवळपास १.२९ किलोमीटर सांगत होता. काही ॲपमध्ये ही लांबी स्वतः भरता येते, ताईच्या ॲपमध्ये आली. ज्यांच्यात येत नाही, त्यांनी किलोमीटर सोडून पावलंच धरावीत.

आता ठोक्यांचा खरा उपयोग. हात स्थिर असताना हे यंत्र सगळ्यात बरोबर असतं, म्हणजे झोपेत. रात्रीची विश्रांतीची नाडी आठवडेच्या आठवडे बघितली की तुमची सरासरी कळते. ताईची ६८च्या आसपास असते. ताप आला, झोप मोडली की वाढते, मग खाली येते. चालण्याचा सराव टिकला तर काही महिन्यांत ती थोडी उतरूही शकते. यासाठी घड्याळ रात्रभर हातात हवं. अनेक भारी स्मार्टवॉच दिवस-दीड दिवसात चार्जिंग मागतात आणि लोक ती नेमकी रात्री लावून ठेवतात. बँड आठवडाभर सहज चालतो. मी बँडच्या बाजूने झुकते त्याचं सगळ्यात मोठं कारण हे.

घड्याळ तुम्हाला ठोक्यांचा 'झोन' दाखवतं, तो बहुतेक वेळा २२० वजा वय या ढोबळ हिशेबावर बेतलेला असतो. रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल किंवा ॲटेनोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर ती ठोके मुद्दाम खाली ठेवते. अशा माणसाने झोन गाठण्यासाठी जिवाच्या आकांताने चालू नये. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही, इतक्या वेगाने चालावं आणि आकड्याचं डॉक्टरांना विचारावं.

स्मार्टवॉचवर वीस-पंचवीस हजार कुणी घालावेत? मोबाईलशिवाय एकट्याने टेकडीवर जाणाऱ्याने, कारण त्याला घड्याळातच जीपीएस हवं. शिवाय ज्याला छातीत धडधड होते आणि डॉक्टरांनी अनियमित ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलंय, त्याने. काही घड्याळांत मुकुटावर किंवा कडेवर बोट ठेवून ईसीजी काढता येतो आणि एट्रियल फिब्रिलेशन नावाची अनियमितता त्यात सापडू शकते. सुई न टोचता रक्तातली साखर सांगतो म्हणणारं घड्याळ मात्र कुणीही घेऊ नये. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४मध्ये त्याबाबत जाहीर इशारा दिला आहे. अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला तोवर त्यांनी मान्यता दिलेली नव्हती.

आणि एक कळकळीची विनंती. घड्याळातला ईसीजी हार्ट अटॅक ओळखत नाही, हे ते बनवणारेच सांगतात. चालताना छातीत दाब आला, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, घाम फुटला, तर मनगटाकडे बघत बसू नका. आकडा कितीही चांगला असो, तिथेच थांबा, १०८ला फोन करा आणि हॉस्पिटल गाठा.